√e चार दशांशांपर्यंत: सरांचे n = 5, माझे n = 6, मार्क कोणाला?

रेणू_दारव्हा

नमस्कार मंडळी, बीएस्सी सेकंड इयरला आहे, गणित मुख्य विषय. परवाच्या टेस्टमध्ये आलेला प्रश्न असा होता की e^0.5 ची किंमत टेलर पॉलिनॉमियल वापरून चार दशांशांपर्यंत बरोबर काढा आणि किती टर्म पुरतात ते रिमेंडरवरून दाखवा. मी शून्याभोवती उलगडलं, रिमेंडर लिहिला

R_n = e^c · (0.5)^(n+1) / (n+1)!

इथे c शून्य आणि अर्ध्याच्या मधे कुठेतरी. e पेक्षा ३ मोठा, म्हणून e^c च्या जागी ३ टाकला. चार दशांश हवे म्हणजे चूक ०.००००५ पेक्षा कमी पाहिजे. n = 5 ला 3/46080 म्हणजे ०.००००६५१ येते, जमत नाही. n = 6 ला ०.०००००४६५ येते, जमते. म्हणून n = 6 लिहिलं.

सरांनी फळ्यावर n = 5 लिहिलं आणि माझे दोन मार्क कापले. मैत्रिणीचं ५ आलं, तिला विचारलं कसं, तर म्हणते कॅल्क्युलेटरवर खरी किंमत पाहिली आणि कुठे जुळते ते पाहिलं. हे तर सिद्ध करणं झालंच नाही ना? सरांना विचारायला जायच्या आधी म्हटलं इथे विचारून पाहू, नाहीतर तिथे जाऊन माझंच चुकायचं.

बंटी_चिखली

सोपं आहे ताई, कशाला c-बी चा घोळ. पुढची टर्म पाहायची. n = 5 नंतरची टर्म 1/46080, म्हणजे ०.००००२१७, ही ०.००००५ पेक्षा कमी, विषय संपला. चूक नेहमी पुढच्या टर्मपेक्षा लहानच असते. सर बरोबर. आमच्या क्लासमध्ये असंच शिकवलं होतं आणि कधी मार्क गेले नाहीत.

जुना_मास्तर

रेणू बेटा, तू चुकली नाहीस आणि तुझे सरही चुकले नाहीत. बंटीचं उत्तर बरोबर आहे पण कारण चुकलं, त्याच्याकडे नंतर येतो.

c नेमका कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून e^c च्या जागी त्याच्यापेक्षा नक्की मोठा असा एक आकडा ठेवतो. तू ३ ठेवलास. तो मोठा आहेच, पण तो c = 1 पर्यंतची सोय करून ठेवतो आणि आपला c तर अर्ध्याच्या पुढे जातच नाही. म्हणून e^c हा √e पेक्षा लहान, e हा ४ पेक्षा लहान, म्हणजे √e हा २ पेक्षा लहान. आता ३ च्या जागी २ टाक. 2/46080 म्हणजे ०.००००४३४, आणि हे ०.००००५ च्या आत बसलं. तुझ्या सरांनी हेच केलं असणार. तुमच्या भांडणाचं मूळ एवढंच, कोणी ३ धरला कोणी २, आणि ०.००००५ ची रेघ नेमकी दोघांच्या मधून गेली.

ढिला आकडा घेतला म्हणून उत्तर खोटं ठरत नाही, फक्त एक टर्म जास्त मोजावी लागते. "n = 6 पुरेसं आहे" हे तुझं विधान शंभर टक्के खरं. प्रश्नात "कमीत कमी किती" असं विचारलं असेल तरच सरांना मार्क कापता येतात. पेपरमध्ये नेमके शब्द काय होते ते पाहून सांग.

रेणू_दारव्हा

धन्यवाद सर. शब्द होते "किती टर्म पुरतील ते रिमेंडरच्या साहाय्याने दाखवा". कमीत कमी असं कुठेच नाही!!

पण एक अडते. √e काढायला निघालो आणि वाटेत √e हा २ पेक्षा लहान असं धरलं, हे ज्याचं त्यालाच साक्षीदार करण्यासारखं नाही का? आणि e हा ४ पेक्षा लहान हे तरी कशावरून? मी ३ टाकला तोही पाठ होता म्हणूनच टाकला.

जुना_मास्तर

चांगला प्रश्न. साक्षीदार तोच आहे, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. आपल्याला √e चे चार दशांश हवेत, आणि वापरतो आहोत ते फक्त "दोनच्या खाली आहे" एवढंच. ही ढोबळ माहिती दुसरीकडून मिळाली की गोल फिरणं होत नाही.

आणि ती मिळते. e म्हणजे 1 + 1 + 1/2 + 1/6 + 1/24 + … तिच्या जागी 1 + 1 + 1/2 + 1/4 + 1/8 + … लिही. 1/6 च्या जागी 1/4, 1/24 च्या जागी 1/8, प्रत्येक ठिकाणी आपण मोठंच टाकतो आहे. या दुसऱ्या मालिकेची बेरीज ३. म्हणून e ३ पेक्षा लहान. ना कॅल्क्युलेटर, ना पाठांतर. मग √e हा √3 पेक्षा लहान, आणि √3 दोनच्या खाली हे शाळेतलं. परीक्षेत ही एक ओळ लिहिली की कोणी बोट ठेवू शकत नाही. गोल फिरणं केव्हा होईल? तू c = 0.5 ठेवून कॅल्क्युलेटरवरून १.६४८७२ उचलून रिमेंडरमध्ये टाकलं असतंस तर. उत्तर माहीत असेल तर उत्तर काढायचं कशाला?

संत्रावाला_वरुड

राजेहो मले बी याच्यातच अडचण हाय. माह्याकडे पाण्याचा टँकर हाय, आडवा गोल, उन्हाळ्यात संत्र्याले पाणी देतो त्यातून. काठी टाकून किती लिटर उरलं ते सांगनारा तक्ता बनवून राहिलो. आठ ठिकानी माप घेतलं, पोरानं एक्सेलमधी टाकून तीन घाताचं पॉलिनॉमियल बसवलं, त्यात R² आलं ०.९९८. आता तुमचा हा R_n अन् आमचा R² एकच का वेगळा? अन् ०.९९८ म्हंजे किती दशांश बरोबर धरायचे?

नुसता_वाचक

काकाजी, दोन्ही R ची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही 😄

जुना_मास्तर

संत्रावाले भाऊ, नाव सारखं पडलं एवढंच. R_n म्हणजे खरी किंमत वजा पॉलिनॉमियल, तेवढी चूक. R² हा तुमचे आठ ठिपके रेघेच्या किती जवळ बसले त्याचा आकडा, त्यावरून दोन ठिपक्यांच्या मधे किती चूक होईल हे सांगता येत नाही. टँकरचं स्वतंत्र लिहितो, तुमचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा चांगला आहे. आधी बंटीचं निपटवू दे.

बंटी, "चूक नेहमी पुढच्या टर्मपेक्षा लहान" यातला "नेहमी" काढ. सहा टर्मची, म्हणजे n = 5 ची बेरीज १.६४८६९७९२ येते. खरी किंमत १.६४८७२१२७. फरक ०.००००२३३५. आणि तुझी पुढची टर्म ०.००००२१७०. फरक टर्मपेक्षा मोठा निघाला की नाही? मोठा निघणारच, कारण इथे सगळ्या टर्म अधिक आहेत, पुढच्या टर्मच्या मागे अजून टर्म आहेत आणि त्या सगळ्या त्याच बाजूला ढकलतात.

बंटी_चिखली

ओके, मान्य. पण हा नियम एक अधिक एक वजा असं आलटून पालटून असेल तेव्हा तर खरा आहे ना. मग e^0.5 कशाला काढता, e^(-0.5) काढा, तिथे चिन्हं आलटून पालटून येतात, पुढच्या टर्मचा नियम लागतो, ना c ची भानगड ना e<3 ची. n = 5 घ्या, चूक ०.००००२१७ च्या आत, आणि शेवटी 1 ला त्यानं भागा. झालं √e. बोला 😎

परत_गावाकडे

बंटीची आयडिया आवडली म्हणून लगेच चालवून पाहिली. (पुण्यातली नोकरी सोडून वडिलांसोबत वावरात आहे, दुपारी लाइन नसली की मोटर बंद आणि लॅपटॉपची बॅटरी चालू, हाच टाइम मिळतो.) अपूर्णांकातच ठेवलं म्हणजे राउंडिंगचा संशय नको:

```python
from fractions import Fraction as F

def p(x, n):
    s = t = F(1)
    for k in range(1, n + 1):
        t = t * x / k
        s = s + t
    return s

a = p(F(1, 2), 5)
b = p(F(-1, 2), 5)
print(a, round(float(a), 8))
print(round(float(b), 8), round(float(1 / b), 8))
```

पहिल्या ओळीत `6331/3840 1.64869792` आलं, मास्तरांचाच आकडा. दुसऱ्या ओळीत `0.60651042 1.6487763`. म्हणजे बंटीच्या रस्त्याने राउंड केलं तर १.६४८८, आणि खरं उत्तर १.६४८७. बंटी भाऊ, चौथा दशांश गेला.

बंटी_चिखली

कसं काय?? e^(-0.5) ची चूक तर ०.००००२१७ च्या आत आहे ना, ते तर चेक केलं मी, ०.६०६५३०६६ वजा ०.६०६५१०४२ म्हणजे ०.००००२०२४. नियम पाळला तरी उत्तर चुकलं?

जुना_मास्तर

नियम बरोबर पाळलास, भागाकाराला विसरलास. ०.६ च्या आसपासच्या संख्येने १ ला भागलं की तिच्यातली चूक जशीच्या तशी उतरत नाही. चुकीला त्या संख्येच्या वर्गाने भागायचं, ढोबळमानाने. ०.६०६५ चा वर्ग सुमारे ०.३६८, म्हणजे चूक २.७२ पट झाली. ०.००००२०२४ गुणिले २.७२ म्हणजे ०.००००५५. रेघ ०.००००५ ची. थोडक्यात गेलास.

तुझी युक्ती वाईट नाही, फक्त e^(-0.5) साठी चूक ०.००००५ नाही तर त्याच्या पावणेतीन पट लहान ठेवायला हवी होती, म्हणजे ०.००००१८ च्या आसपास. त्यासाठी एक टर्म आणखी घे. तेव्हा पुढची टर्म 1/645120, म्हणजे ०.०००००१५५, भागाकारानंतर ०.०००००४२. आरामात बसतं.

रेणू_दारव्हा

म्हणजे शेवटी n = 6 च 😂😂

बंटी_चिखली

हो ताई हो. फिरून तुझ्याच सहावर आलो. माझे पण दोन मार्क कापा.

नुसता_वाचक

मला खटकलं ते वेगळंच. n = 5 चं उत्तर १.६४८६९७९२. खरं १.६४८७२१२७. पहिल्याचे चार दशांश ६४८६, दुसऱ्याचे ६४८७. मग तुम्ही सगळे "चार दशांश बरोबर" म्हणता तरी कसे? आकडे तर जुळतच नाहीत. रेणूच्या सरांना हे कोणी दाखवलं का?

परत_गावाकडे

राउंड कर ना, कापू नको. १.६४८६९७ राउंड केलं की १.६४८७.

नुसता_वाचक

या वेळी जमलं म्हणून. समजा उत्तर १.६४८७४ आलं असतं आणि चूक ०.००००४ असती, तर खरी किंमत १.६४८७८ असू शकली असती. एक राउंड होऊन १.६४८७, दुसरी १.६४८८. चूक ०.००००५ च्या आतच, तरी चौथा आकडा वेगळा. म्हणजे "चूक ०.००००५ पेक्षा कमी" आणि "चार दशांश बरोबर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं म्हणणं. पुस्तकवाले दोन्ही एकच धरतात आणि पुढे जातात.

जुना_मास्तर

तुम्ही वाचक नुसते नाहीत, हे बोट मी तीस वर्षांच्या शिकवण्यात मोजक्याच पोरांकडून ठेवलेलं पाहिलं. मुद्दा खरा आहे. बहुतेक न्यूमरिकलच्या पुस्तकात "चार दशांश अचूक" म्हणजे चूक ०.००००५ च्या आत, अशी व्याख्याच करून टाकतात, आणि परीक्षेपुरतं ते चालतं. पण आकडा खरोखर तोच आहे अशी हमी हवी असेल तर नुसत्या चुकीच्या आकाराने भागत नाही, खरी किंमत कोणत्या दोन खुंट्यांच्या मधे आहे ते पाहायला लागते.

आपल्याकडे त्याची सोय आहे. आतापर्यंत e^c ला फक्त वरून धरलं, २ च्या आत. खालूनही धरा. c शून्याच्या वर आहे म्हणून e^c एकपेक्षा मोठा. म्हणजे उरलेला भाग 1/46080 पेक्षा जास्त आणि 2/46080 पेक्षा कमी. १.६४८६९७९२ मध्ये हे दोन मिळवा:

1.64871962 < √e < 1.64874132

आता दोन्ही खुंट्या १.६४८७ नेच सुरू होतात. कापा, राउंड करा, काहीही करा, चौथ्या दशांशाला ७ च. n तोच ५, एकही टर्म वाढवली नाही, फक्त असमानतेची दुसरी बाजू वापरली. ही दुसरी बाजू पोरं लिहीतच नाहीत, कारण प्रश्नात कोणी मागत नाही. आणि तिचाच आणखी एक उपयोग पाहा. n = 4 ला उरलेला भाग 1/3840 पेक्षा जास्त, म्हणजे किमान ०.०००२६. ते ०.००००५ च्या कितीतरी वर. म्हणजे ४ पुरत नाही हेही सिद्ध झालं. रेणूच्या सरांनी "कमीत कमी ५" म्हटलं असेल तर ही ओळ त्यांनी फळ्यावर लिहायला पाहिजे होती. वरच्या बाजूवरून फक्त "५ पुरतं" एवढंच कळतं, "४ पुरत नाही" हे त्यातून कधीच कळत नाही.

रेणू_दारव्हा

हे लिहिलं नव्हतं त्यांनी. n = 4 ला 2/3840 म्हणजे ०.०००५२ आलं आणि म्हणाले पाहा मोठं आलं म्हणून चालत नाही. मग मी ३ घेऊन n = 5 ला मोठं आलं म्हणून चालत नाही म्हटलं, ती पण तशीच चूक झाली ना माझी?

जुना_मास्तर

हो, तू "५ चालत नाही" असं लिहिलं असशील तर ते वाक्य चूक. "माझ्या अंदाजाने ५ ची खात्री होत नाही, ६ ची होते" असं लिहायचं. वरची मर्यादा मोठी आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

नुसता_वाचक

आणि दोन खुंट्यांच्या मधे नेमका १.६४८७५ सारखा आकडा आला तर? दोन्ही बाजूंनी वेगवेगळं राउंड होते. किती टर्म घ्यायच्या हे आधीच सांगता येते का अशा वेळी?

जुना_मास्तर

नाही येत. टर्म वाढवायची, खुंट्या जवळ आणायच्या, परत पाहायचं. सीमेच्या अगदी अंगावर किंमत असेल तर दहा टर्म वाढवूनही सुटणार नाही. कॉम्प्युटरमध्ये exp, sin चे शेवटचे अंक बरोबर राउंड करणाऱ्यांना हीच डोकेदुखी असते, तिला नावही आहे, टेबल मेकर्स डिलेमा, जुन्या काळी लॉगची टेबलं छापणाऱ्यांवरून. आधीच n सांगून हमी मिळते ती चुकीच्या आकाराची. अंकांची हमी शेवटी किंमत काढूनच तपासावी लागते.

नुसता_वाचक

मग पेपरमध्ये "चार दशांश बरोबर" असं लिहूच नये. "चूक ०.००००५ पेक्षा कमी" असं लिहावं.

जुना_मास्तर

इथे मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. व्याख्या एकदा सांगितली की भाषा चालते. सगळ्या पेपर सेटरना वकील करायला गेलात तर पेपरच निघणार नाही.

परत_गावाकडे

रेणू, एक राहिलं. हाताने करताना प्रत्येक टर्म किती दशांशांपर्यंत लिहिलीस?

रेणू_दारव्हा

चारच. चार दशांश हवे होते म्हणून. ०.०२०८, ०.००२६, ०.०००३ असं. बेरीज १.६४८७ आली, बरोबरच आली.

परत_गावाकडे

नशिबाने आली. हिशोब पाहा. तुला खर्चायला एकूण ०.००००५ आहेत. n = 5 वर थांबलं तर टर्म तोडण्यातच ०.००००४३४ पर्यंत जातात, हातात उरले ०.०००००६६. राउंड कराव्या लागतात अशा टर्म तीन, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या घाताच्या, बाकी ०.५ आणि ०.१२५ नेमके आहेत. पाच दशांशांपर्यंत लिहिलं तर प्रत्येकी ०.०००००५ पर्यंत चूक, तिघांची ०.००००१५, बजेट फाटलं. सहा दशांश लिहिले तर तिघांची ०.०००००१५, हे उरलेल्यात बसते. म्हणजे सरांच्या n = 5 साठी सहा दशांश सांभाळावे लागतात. तुझ्या n = 6 ला टर्म एक जास्त, पण तिथे तोडण्यात फक्त ०.०००००४६५ जाते, पाच दशांशांवर भागून जाईल, चार टर्म राउंड केल्या तरी एकूण ०.००००२५ च्या आतच. हाताने करणाऱ्याला मला तर तुझं ६ जास्त आवडतं. (चार दशांशांवर मात्र ६ पण फसते, चार टर्मचे मिळून ०.०००२ पर्यंत जाऊ शकतात.)

बंटी_चिखली

हे सगळं एका पाच मार्काच्या प्रश्नासाठी 🙏

संत्रावाला_वरुड

माह्या टँकरचं राहिलंच बाप्पा. मास्तर म्हनले होते स्वतंत्र लिहितो म्हून.

जुना_मास्तर

हो भाऊ, विसरलो नाही, मधे लाइन गेली होती.

तुम्ही आठ मापं घेऊन पॉलिनॉमियल बसवलं, त्याला रिमेंडरची असमानता लावता येत नाही, कारण त्या असमानतेला मूळ फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह किती मोठा होऊ शकतो हे आधी माहीत पाहिजे. रेणूकडे e^c होता, त्याला वरून धरता आलं. तुमच्या ठिपक्यांच्या मागे काय आहे हे एक्सेलला माहीत नाही. पण तुम्हाला माहीत आहे, टँकर आडवा गोल आहे! मग मापं कशाला, भूमितीवरूनच काढा. टँकरची त्रिज्या r, आणि पाणी मध्यरेषेच्या u एवढं वर, तर पाण्याच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ

πr²/2 + 2ru − u³/(3r) − …

याला टँकरच्या लांबीने गुणलं की पाणी. मध्यरेषेखाली u वजा घ्यायचा. मधल्या अर्ध्या उंचीत, म्हणजे मध्यरेषेपासून r/2 वर आणि r/2 खाली, या तीन टर्मची चूक अर्ध्या टाकीच्या हजाराव्या भागाच्या थोडी वर जाते. टँकर पाच हजार लिटरचा धरला तर सर्वात वाईट ठिकाणी पावणेतीन लिटर. टँकरचा व्यास १.४ मीटर असेल तर त्याच जागी काठीवर एक मिलिमीटर चुकला की चार लिटर इकडे तिकडे होतात. म्हणजे सूत्राच्या आधी काठीच चुकेल. दशांश मोजायचं कामच नाही तिथे.

बंटी, तू विचारायच्या आधीच सांगतो, इथेही उरलेल्या टर्म एकाच चिन्हाच्या आहेत, पुढच्या टर्मचा नियम चालत नाही.

संत्रावाला_वरुड

पन मास्तर मले गरज तं खालीच हाय. मे महिन्यात टँकर तळाले जाते तवाच पाहा लागते का अजून किती झाडं होतीन. वरच्या अर्ध्यात कोन पाहाते काठी टाकून?

जुना_मास्तर

तिथेच हे सूत्र फसतं, आणि तुमचं एक्सेलवालंही तिथेच सगळ्यात वाईट असणार, तपासून पाहा. तळाशी पाण्याची पट्टी सुरुवातीला शून्य रुंद, आणि बोटभर पाणी चढलं की एकदम फाकते. ती रुंदी वाढण्याचा वेग तळाच्या टोकाला अनंत होतो. रेणूने e^c ला जशी २ ची मर्यादा घातली तशी मर्यादा तिथे कुठल्याच आकड्याने घालता येत नाही, म्हणून किती टर्म घेतल्या तर पुरतील याची हमी या असमानतेतून निघत नाही. टर्म वाढवल्याने चूक कमी होते, पण फार हळू. तळाच्या भागासाठी पॉलिनॉमियल सोडा, arccos चं पूर्ण सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाका.

संत्रावाला_वरुड

अन् टँकरची दोन्ही टोकं सपाट नाईत, बाहेरून फुगीर हायेत, त्याचं?

परत_गावाकडे

😅 काकाजी हे आधी सांगायचं ना.

जुना_मास्तर

फुगवटा किती आहे, दोरी लावून मोजून सांगा. तोपर्यंत काही सांगता येणार नाही.

रेणू_दारव्हा

आज सरांना भेटले. दोन बाजूंची असमानता दाखवली, १.६४८७१९६२ आणि १.६४८७४१३२ वाली, ती त्यांनी वहीत उतरवून घेतली. माझं "५ चालत नाही" हे वाक्य लाल पेनाने गोल केलं आणि म्हणाले याचा अर्धा मार्क जाईल. बाकीच्या दीडचं सोमवारी पाहतो म्हणाले. e<3 ची ओळ लिहिली नव्हती, पाठ होतं म्हणून टाकलं होतं, ते त्यांनी विचारलंच नाही आणि मीही बोलले नाही.